हातांच्या भेगा

हर्णै, शनिवार रात्र

बाबू बेटा,

अस्सलामु अलैकुम.

पहाटेच्या एस्टीने गेलास ते मला चुलीपाशी बसल्यावर कळलं. अम्मी म्हणाली, चहाही घेतला नाही. काल असरच्या वेळी पडवीत मी जे ओरडलो, ते सगळ्यांसमोर ओरडायला नको होतं. "पंप लावलाय का तिकडे?" हे तर मुळीच नको होतं, कारण तुझी फुफी हसली, आणि ती हसली की तू लहानपणापासून मान खाली घालतोस.

पण मी पाण्यासाठी ओरडलो नाही रे. नळाखाली तुझे हात बघितले म्हणून ओरडलो. बोटांच्या पेरांवर भेगा, अंगठ्याच्या मुळाशी चीर पडून रक्त. कंपनीतलं ग्रीस आणि चाकणची थंडी, असं तू अम्मीला सांगितलंस. मी तांडेल माणूस, तीस वर्षं मिठात हात घातलेत. ग्रीसने अशी कातडी फाटत नाही. दिवसातून वीस-पंचवीस वेळा धुतली की फाटते.

काल एका नमाजसाठी तू तीन वेळा वजू केलीस. मी खुर्चीवर बसून मोजत होतो. तीन वेळांची कारणं तू अम्मीला सांगितलीस आणि तिने मला. त्यांचं उत्तर तेव्हा शांतपणे द्यायला हवं होतं, ते आता देतो.

पहिली वजू तू मोडलीस, कारण अंगठ्यातून रक्त आलं. खोलीतल्या त्या बीडच्या मुलाने तुला सांगितलंय की रक्त वाहिलं की वजू गेली. तो खोटं बोलत नाही. तो हनफी आहे आणि त्यांच्यात तसंच आहे. जखमेतून रक्त वाहिलं, तोंडभर उलटी झाली, नमाजमध्ये मोठ्याने हसू फुटलं तरी त्यांची वजू जाते. आपण कोकणातले लोक शाफई. आपल्याकडे वजू मोडणाऱ्या गोष्टी चारच. पुढच्या किंवा मागच्या वाटेने काहीही बाहेर येणं, वारासुद्धा. झोप किंवा बेशुद्धी. परक्या बाईच्या, आपल्या बायकोच्याही, उघड्या कातडीला आपली उघडी कातडी लागणं. आणि तळहाताने गुप्तांगाला हात लागणं. अंगठ्याचं रक्त यात बसत नाही. रक्त नापाक आहे म्हणून ते पुसायचं, धुवायचं, आणि स्वतःच्या जखमेचं थोडंफार लागून राहिलं तर तेही माफ. वजू जागच्या जागी असते.

आता बघ काय चाललंय. तू जास्त धुतोस म्हणून भेग पडते, भेगेतून रक्त येतं, रक्त आलं म्हणून परत धुतोस. हे कुठे थांबणार?

हात दाखव म्हटलं की खिशात घालतोस. चाचाही घालायचा.

दुसरी वजू तू मोडलीस, कारण पोटात गुडगुड झाली आणि वारा गेला की नाही ते कळेना. हा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वीच विचारला गेलाय. नमाजमध्ये असं वाटतं अशी एकाची तक्रार नबींकडे, सल्लल्लाहु अलैहि व सल्लम, गेली. उत्तर आलं की आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत नमाज सोडू नये. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हीत आहे. म्हणजे आवाज-वासच हवा असं नाही, खात्री हवी. वजू केली होती ही खात्री, गेली ही शंका, आणि शंकेने खात्री जात नाही. उलटही तेच आहे. संडासला गेलो होतो हे पक्कं आठवतंय आणि नंतर वजू केली की नाही ते आठवत नाही, तर करायची. दोन्हीकडे पक्कं काय तेवढंच बघायचं.

तिसरी वेळ तर मला कळलीच नाही. डावा कोपर दोनदा धुतला की तीनदा, म्हणून पहिल्यापासून सुरुवात! अरे, फर्ज एकदाच आहे. मनात नीयत आणि तोंडावर पाणी, कोपरापर्यंत हात, डोक्याच्या थोड्या भागावर ओला हात, घोट्यापर्यंत पाय, आणि हाच क्रम. हे सहा झाले की वजू झाली. तीन-तीनदा ही सुन्नत, आणि तीनच्या वर मकरूह. वजू चालू असताना एखादा अवयव राहिला असं वाटलं तर तो आणि त्याच्या पुढचे धुवायचे. वजू उरकून उठल्यावर आलेली शंका धरायचीच नाही. नबी एका मुदमध्ये वजू करायचे. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, पाऊण लिटरच्या आत-बाहेर. काल तू अर्धी टाकी

नाही, टाकीचं परत काढत नाही. माफ कर.

चाचाचं तुला कुणी नीट सांगितलेलं नाही. वरच्या घरात त्याचा फोटो आहे तेवढाच तुला ठाऊक. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, आणि आमच्यात सगळ्यात चांगली कुराण त्याची. मशिदीच्या हौदावर तो अजानच्या आधी बसायचा आणि सलाम फिरला तरी बसलेला असायचा. पायाचे चार थेंब बादलीत उडाले की सगळी बादली ओतायचा, तेवढ्याने पाणी निकामी होत नाही असं मौलवीसाहेबांनी दहादा सांगूनही. दादी रात्री त्याच्या हातांना तेल लावायची आणि तो उठून ते धुवून यायचा. आम्ही पोरं हसायचो. मी सगळ्यांत जास्त. मग एका रमजानमध्ये तो मशिदीत यायचाच बंद झाला. मी विचारलं तर म्हणाला, "माझी होतच नाही वजू, येऊन काय करू?" त्याचे हात तुझ्या कालच्या हातांसारखेच होते.

हे लिहायचं नव्हतं. लिहून झालंय तर राहू दे.

तिसऱ्या गोष्टीवरून, म्हणजे बाईच्या स्पर्शावरून, ती पोरं तुला हसतात म्हणालास. कंडक्टरबाईने सुटे दिले, बोटं लागली, तर आपली वजू गेली, आणि बीडवाल्याची राहिली. दोघंही एकाच आयतीवर उभे आहेत, सूरह माइदाची सहावी. तिथे बायकांना 'स्पर्श केला असेल तर' असा शब्द आहे. आपले इमाम त्याचा अर्थ साधा स्पर्श घेतात, त्यांचे इमाम नवरा-बायकोचा संबंध घेतात. तू लहानपणापासून बघतोस, मी वजू करून आलो की अम्मी पंचा हातात देत नाही, खुर्चीच्या पाठीवर टाकते. एकदा तू विचारलंस, "अम्मी-अब्बा भांडलेत का?" आई, बहीण, फुफी, दादी यांच्या स्पर्शाने काही होत नाही. मधे कापड असलं तरी नाही. आणि एस्टीत बसल्या-बसल्या डुलकी लागली, बूड सीटवर घट्ट होतं, तर तीही वजू राहते. आडवा झोपलास तर गेली.

आता आंघोळीचं. हे मी तू पंधरा वर्षांचा असताना बोलायला हवं होतं, तुझ्या मामावर ढकललं आणि त्याने काय सांगितलं देव जाणे. तू रोज पहाटे गार पाण्याने 'शंकेची' आंघोळ करतोस असं अम्मीला तुझ्या मित्राकडून कळलं. बाविशीच्या मुलाला बापाने लिहायचं, मला लाज वाटते, तुलाही वाटू दे, पण वाच. स्वप्न पडलं आणि उठल्यावर ओल काहीच नाही, तर गुसल नाही. ओल आहे, पुढे सांगतो त्या मनीची, आणि स्वप्न आठवत नाही, तरी गुसल आहे. मनात विचार येऊन जे पातळ, चिकट येतं ती मझी. ती नापाक, तेवढं धुवायचं आणि वजू करायची, आंघोळ लागत नाही. मनी म्हणजे उसळून, सुखाने येते, नंतर अंग गळतं, आणि ओली असताना भिजवलेल्या कणकेसारखा वास येतो. यातलं एकही लक्षण पटलं तर आंघोळ. दोन्हींत खरंच कळेना, तर आपल्या मजहबात तू एक मानायला मोकळा आहेस. लग्नानंतरचं, आणि बायकांचं पाळी आणि बाळंतपणानंतरचं, ते वेळेवर कळेल.

गुसलच्या फर्ज दोनच गोष्टी आहेत, नीयत आणि केसांच्या मुळांसकट सगळ्या अंगावर पाणी. कानामागे, बेंबीत, बगलेत बोट फिरव. चूळ आणि नाकात पाणी हनफींत फर्ज आहे, आपल्यात सुन्नत, म्हणून करूनच टाक, वाद नको. वेगळी वजू लागत नाही. मात्र आंघोळीत तळहात गुप्तांगाला लागला तर शेवटी तेवढी वजू कर. तीन लिटरच्या आसपास पाण्यात नबींचं गुसल व्हायचं. तुझी एक बादली खूप झाली.

आम्ही तर लाँचवर समुद्राच्याच पाण्याने करायचो. गोड्या पाण्याचं पिंप प्यायला लागायचं. हाच प्रश्न दर्यावर जाणाऱ्यांनी नबींना विचारला होता, आणि समुद्राचं पाणी पाक आहे हे उत्तर आम्हा खलाशांना पाठ होतं. सुवर्णदुर्गाच्या मागे सूर्य बुडताना वाकून डोलाने पाणी घ्यायचं, लाट बसली तर अर्धं अंगावर, एकदाच तोंड, एकदाच हात, आणि मगरिब. बोटीचा रंग नखांवर वाळलेला असला तर मात्र घासलेटने काढल्याशिवाय सुटका नव्हती, खाली पाणी जात नाही. तुझ्या ग्रीसचंही तेच. थर काढायचा. काळा डाग राहिला तर राहू दे, डाग पाणी अडवत नाही. डाग जाईपर्यंत तारेच्या घासणीने घासू नकोस. घासतोस ना? अम्मीची घासणी तुझ्या बॅगेत गेलीय.

पहिल्या पगारातून मशिदीच्या नळांना पैसे दिलेस ते मला मौलवीसाहेबांकडून कळलं. मी घरी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

या पत्राबरोबर कोकमाच्या मुठेलाचा गोळा पाठवतोय, दादीच्या पद्धतीने अम्मीने काढलेला. इशा झाल्यावर थोडं गरम करून भेगांत भर आणि मोजे हातात घालून झोप. सकाळी घट्ट थर राहिला असेल तर फजरच्या आधी कोमट पाण्याने साबण लावून काढ. नुसता तेलकटपणा राहिला तर चालतं, पाणी वरून वाहून जाऊ दे. साबण एकदाच लाव. एकदाच, बाबू.

जुमेला फोन कर. व्हिडिओचा कर, हात दिसतील असा.

तुझा,
अब्बा