पंखा 1050 चाच घ्या

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेली मापं मिळाली. फोनवर बोलताना आकडे इकडचे तिकडे होतात, म्हणून सविस्तर लिहितेय. दुकानात जाताना हे पत्र सोबत न्या.

झोपायच्या खोलीसाठी तुमच्या मनात 1400 चा पंखा आहे. हा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. पाती फिरताना जे वर्तुळ होतं, त्याची ती या टोकापासून त्या टोकापर्यंतची रुंदी. म्हणजे मधल्या हुकापासून पातं 70 सेंटीमीटरवर पोचणार. खोली तुम्ही 306 बाय 400 लिहिली आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत 3 बाय 4 मीटरच्या खोलीला 1200 चा एक पंखा सुचवलेला आहे. तेव्हा खोली रिकामी असती तरीही 1400 ची गरज नव्हती.

पण आपली खोली रिकामी नाही. लांबीच्या एका भिंतीला थेट स्लॅबपर्यंत कपाट आणि माळा आहे, 55 सेंटीमीटर खोल. हुक मात्र स्लॅब टाकताना मूळ खोलीच्या मध्यावर बसवलेला, दोन्ही भिंतींपासून 153 वर. त्यातून कपाट वजा केलं की हुकापासून कपाटापर्यंत उरतात 98. आता 1400 चा पंखा लावला तर पात्याचं टोक आणि कपाट यांत जेमतेम 28 सेंटीमीटर राहतात. 1200 ला 38. 1050 ला साडेपंचेचाळीस. टोकापासून भिंत किंवा कपाट निदान 45 वर असावं. वारा खाली येतो, जमिनीवर पसरतो आणि भिंतींच्या कडेने वर जाऊन पुन्हा पंख्यात येतो. ती परतीची वाट चिंचोळी झाली की पंखा घोंगावतो आणि वाराही कमी लागतो.

मला जास्त काळजी माळ्याच्या दारांची वाटते. एकेक दार 40 रुंद आहे आणि ती नेमकी पात्यांच्या उंचीवर उघडतात. समोरचं दार सताड उघडलं की 1200 च्या पात्याला ते लागणारच, फक्त 2 सेंटीमीटरचा फरक आहे. 1050 ला ते पाच-साडेपाच सेंटीमीटरने चुकतं. म्हणून माझं मत 1050. तरीसुद्धा आई, माळ्यावरचं काही काढायचं असेल तेव्हा आधी बटण बंद कर आणि पाती पूर्ण थांबू दे.

दुकानदार म्हणेल, नवा फास्टनर मारून हुक अर्धा फूट सरकवू, म्हणजे 1200 सुद्धा बसेल. चांगल्या स्लॅबमध्ये ते करता येतं. पण आपल्यावर गच्ची आहे आणि पावसाळ्यात त्याच कोपऱ्यात ओल येते. ठोकल्यावर पोकळ आवाज येतो किंवा गिलाव्याचे पोपडे निघतात, तिथे आतली सळई गंजलेली असू शकते. अशा जागी डोक्यावर फिरणारं वजन टांगू नका. जुना हुकही गंजलाय का, ते वायरमनला नीट बघायला सांगा.

उंचीचं. जमिनीपासून स्लॅब 290 आहे. पात्यांच्या वर 30 सेंटीमीटर मोकळे हवेत, कारण पंखा हवा वरूनच ओढतो. छताला चिकटवला तर ओढायला हवाच पुरत नाही. आणि खाली जमिनीपासून 240 तरी हवेत. म्हणजे पाती 240 ते 260 यांच्या दरम्यान यायला हवीत, 250 वर आली तर उत्तम. रॉडची लांबी बघून ठरवू नका, कारण मोटर पकडून पाती आणखी खाली येतात. पंखा टांगल्यावर वायरमनसमोर टेप लावा आणि पात्यापासून जमीन मोजा. आई गादीवर उभी राहून जळमटं काढते, तेव्हा 250 सुद्धा हाताच्या टप्प्यात येतात. झाडू हातात घेण्याआधी पंखा बंद, एवढं मात्र ऐक.

1050 चा वारा 1200 पेक्षा कमी पडेल, हे खरं आहे. पण वारा सगळ्यात जास्त पात्यांच्या बरोबर खाली लागतो. तुमचा पलंग सध्या खिडकीच्या भिंतीला टेकवलाय, तिथे तो वर्तुळाच्या बाहेर राहतो. तो हुकाकडे दोनेक फूट ओढा, म्हणजे झोपल्यावर छाती पात्यांखाली येईल. कपाटासमोर उभं राहायला जागा उरते की नाही तेवढं आधी बघा.

बैठकीच्या खोलीत कपाट नाही, तिथला 1200 ठीक चाललाय. त्याला हात लावू नका.

बाबा, पैसे देण्याआधी एकदा हुकापासून कपाटाच्या दाराच्या बाहेरच्या बाजूपर्यंत टेप लावा. मी 98 धरलेत ते वजाबाकी करून; दाराची जाडी किंवा मूठ धरून ते कमी भरले तर मला आधी फोन करा. 95 च्या खाली आले तर आपण 900 चा विचार करू.

तुमची,
ताई