लघवीत जंतू, पण त्रास काहीच नाही

माझ्या ८१ वर्षांच्या आईच्या नेहमीच्या तपासणीत लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, ई. कोलाय हे जंतू निघाले, दर मिलिलिटरला एक लाखाच्या वर. ताप नाही, जळजळ नाही, तरी सात दिवसांच्या अँटिबायोटिकची चिठ्ठी हातात पडली. तिसऱ्या दिवशी जुलाब लागले आणि जंतू महिन्याभरात पुन्हा हजर! उतारवयात असे जंतू काही त्रास न देता अनेकींच्या मूत्राशयात राहतात. औषधाने फायदा तर होत नाहीच, उलट पुढे खरा संसर्ग झाला की तेच औषध लागू पडेनासे होऊ शकते. नुसता वास आला म्हणून कल्चरला धावणेही नको. गरोदर बाईची गोष्ट वेगळी. तिला त्रास नसला तरी संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो, म्हणून कल्चर पाहून गरोदरपणात चालणारे औषध तिला द्यावेच लागते.

— एक वाचक, सातारा