डॉक्टरांचे सांत्वनपत्र: बंद करू नका, नीट लिहा

संपादक महोदय,

डॉक्टरांनी मृताच्या कुटुंबाला सांत्वनपत्र पाठवू नये, असे सुचवणारा कालचा लेख वाचून अस्वस्थ झालो. लेखकाने ज्याचा आधार घेतला तो २०१७ साली प्रसिद्ध झालेला, फ्रान्समधील २२ अतिदक्षता विभागांचा अभ्यास मीही वाचला आहे. मृत्यूनंतर साधारण पंधरवड्याने हाताने लिहिलेले पत्र ज्यांना मिळाले, त्यांच्यात सहा महिन्यांनी नैराश्याची व आघातोत्तर ताणाची लक्षणे अधिक आढळली, हे खरे आहे. पण त्याच नातेवाइकांपैकी अनेकांनी पत्राने आधार वाटल्याचेही सांगितले होते, ते लेखात कुठेच नाही. माझ्या मते, पत्राने जुन्या शंका जाग्या होतात आणि त्या विचारायला कोणी समोर नसते, तेव्हा त्रास वाढतो.

माझ्या थोरल्या भावाचे जंतुसंसर्गाने अतिदक्षता विभागात निधन झाले. तेथून आलेल्या छापील पत्रात ‘आपल्या रुग्णाचे’ निधन ‘सर्वतोपरी प्रयत्न करूनही’ झाले, एवढेच होते; खाली सहीचा शिक्का होता आणि ज्या डॉक्टरांनी त्यांना रोज तपासले त्यांचे नावही नव्हते. नंतर कोणी चौकशी करू नये म्हणून लिहिलेले हे वाक्य आहे, असे वहिनींना वाटले आणि मला त्यांची समजूत घालता आली नाही. त्यांना एकच गोष्ट हवी होती: श्वासनलिकेत नळी घालताना ते शुद्धीवर होते का, आणि त्याआधी काही बोलले का? ‘नळी घालण्यापूर्वी आम्ही त्यांना गुंगीचे औषध दिले होते; त्याआधी त्यांनी तुमची चौकशी केली’ अशा दोन ओळी, त्या खऱ्या असतील तर, केवळ उपचार करणारा डॉक्टरच लिहू शकतो. त्या आठवत नसतील, तर आठवत असलेलेच लिहावे. गोड कल्पना रचू नये.

मी स्वतः डॉक्टर असल्याने अडचणी जाणतो. पत्र धाडण्यापूर्वी केसपेपर काढून मृताचे नाव, मृत्यूची तारीख आणि पत्र ज्यांना जाणार त्यांचे नाते पडताळावे लागते, कारण त्यातली एक चूक संपूर्ण पत्र खोटे ठरवते. निदानाची चर्चा आणि उपचारांचे समर्थन पत्रात नसावे; तक्रार दाखल झाली असेल तर तिचे उत्तर वेगळ्या पत्राने द्यावे. शेवटी मात्र डॉक्टरांचे नाव, फोन क्रमांक आणि भेटीची वेळ असावी, आणि तो फोन त्यांनी स्वतः उचलावा. खेद व्यक्त केला की चूक कबूल केल्यासारखे होते, ही भीती अनेक सहकारी बोलून दाखवतात. परंतु इंग्लंड व वेल्समध्ये २००६ च्या भरपाई कायद्यानेच, क्षमायाचना ही एवढ्याने निष्काळजीपणाची कबुली ठरत नाही, असे म्हटले आहे.

‘सांत्वनपत्रे घातक’ हे आपले शीर्षक वाचून उद्या एखादे रुग्णालय ही पत्रे बंद करील. अभ्यासातील दुसरी बाजूही आपण तितक्याच ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त डॉक्टर