‘पालेभाज्या बंद’ ही ओळ दुरुस्त करावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवरचा लेख वाचला. ‘वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या बंद कराव्यात, नव्या गोळ्यांना कसलेच पथ्य नाही,’ असे त्यात म्हटले आहे. या दोन्ही समजुतींचा त्रास माझ्या वडिलांनी भोगला आहे, म्हणून लिहिते आहे.

वडिलांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात. हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ नये म्हणून त्यांना वॉरफरिन सुरू केले होते. रक्त किती पातळ झाले ते दाखवणारा आयएनआर हा आकडा २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा होता आणि तो कित्येक महिने २.४ च्या आसपास टिकून होता. मग कुणीतरी सांगितले म्हणून आम्ही पालक, कोबी एकदम बंद केले. तीन आठवड्यांनी दात घासताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, दंडावर काळेनिळे डाग दिसू लागले. तपासले तर आयएनआर ४.८!

डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला नव्हता, बदलले होते ते ताट. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी के जीवनसत्त्व लागते. एकदा वापरलेले के शरीर पुन्हा कामाला लावते. वॉरफरिन नेमकी ती वाट अडवते. म्हणजे गोळीचा डोस ठरतो तो माणूस रोज जितके के खातो त्याच्या हिशेबाने. के कमी झाले की तीच गोळी जड पडते. आमच्या बाबतीत पुढे उलटेही घडले. डॉक्टरांनी डोस कमी केला, आयएनआर जागेवर आला, तेवढ्यात आम्ही भाज्या मनसोक्त सुरू केल्या आणि आकडा १.६ वर उतरला, म्हणजे गुठळीची भीती परत आली. खरे पथ्य बंदीचे नाही, सातत्याचे आहे. आठवड्याला जेवढी पालेभाजी खात होतो तेवढीच खात राहायची, आणि खाणे बदलणार असेल तर आधी डॉक्टरांना सांगून आयएनआर लवकर तपासून घ्यायचा. रक्तात आधीच असलेले घटक संपायला काही दिवस जातात, त्यामुळे बदलाचा परिणामही उशिराच दिसतो. आम्ही बेसावध राहिलो ते यामुळेच.

नंतर डॉक्टरांनी वडिलांना रिव्हारोक्साबॅन दिले. ही गोळी के जीवनसत्त्वाच्या वाटेला जातच नाही. गोठण्याच्या साखळीतल्या दहाव्या घटकाच्या सक्रिय रूपालाच थेट रोखते. एपिक्साबॅनही तेच करते, डॅबिगॅट्रान थ्रॉम्बिन या रक्त गोठवणाऱ्या घटकाला रोखते. पालेभाजीने यांचा परिणाम कमी-जास्त होत नाही. आयएनआरही करावा लागत नाही. उलट या गोळ्यांवर असताना तो केला तर आकडा दिशाभूल करतो.

पण ‘पथ्य नाही’ हे ऐकून वडील ती गोळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी घेऊ लागले. २० मिलिग्रॅमची रिव्हारोक्साबॅन जेवणासोबतच घ्यावी लागते. उपाशीपोटी तिचा साधारण एक तृतीयांश भाग अंगी लागतच नाही. एपिक्साबॅनला ही अट नाही, म्हणून सगळ्या नव्या गोळ्यांना एकच नियम लावूनही चालत नाही.

दुसरी चूक मला जास्त हादरवून गेली. प्रवासात वडिलांनी दोन दिवस गोळी घेतली नाही. ‘पूर्वी एखादी चुकली तर आयएनआर फारसा हलत नव्हता,’ असे ते म्हणाले. त्यात त्यांचे काही चुकले नव्हते, कारण वॉरफरिनचा असर हळूहळू ओसरतो. नवी गोळी मात्र दोन-चार तासांत कामाला लागते आणि एक-दोन दिवसांत उतरतेही. त्या दोन दिवसांत त्यांना जवळजवळ संरक्षणच नव्हते, आणि ते दाखवणारी नेहमीची तपासणीही नाही. पाकिटात उरलेल्या गोळ्या मोजल्या तेव्हाच ते कळले.

तपासण्या पूर्ण सुटतात असेही नाही. या गोळ्या कमी-अधिक प्रमाणात मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, डॅबिगॅट्रान तर बहुतांशी. म्हणून क्रिएटिनिन डॉक्टर सांगतील तेव्हा पाहावे लागते आणि त्यावरून डोस ठरतो. हिमोग्लोबिनही तपासावे लागते. शिवाय ज्यांच्या हृदयात धातूची कृत्रिम झडप आहे त्यांच्यासाठी वॉरफरिनच. अशा रुग्णांवर डॅबिगॅट्रानची चाचणी घेतली तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, म्हणून ती २०१२ मध्ये मध्येच थांबवावी लागली. लेख वाचून अशा एखाद्याने आपणहून गोळी बदलली तर काय होईल, या विचाराने मला राहवले नाही.

पुढच्या पुरवणीत ‘पालेभाज्या बंद’ऐवजी ‘पालेभाज्यांचे प्रमाण रोजच्यासारखे ठेवा’ अशी दुरुस्ती छापावी, आणि नव्या गोळ्यांपैकी कोणती जेवणासोबत घ्यायची हेही द्यावे, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक