चि. सोनूस, त्या अर्जाबद्दल

ऐरोली, पहाटे

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तू झोपली आहेस आणि मला फर्स्ट शिफ्टची बस गाठायची आहे, म्हणून हे लिहून लॅपटॉपखाली ठेवतोय. तुझं कव्हर लेटर मी रात्री परत वाचलं.

पहिलं वाक्य, ‘मला अनुभव नसला तरी मी मेहनती आहे’, ते काढ. जागाच फ्रेशरची आहे, अनुभव नाही हे त्यांना ठाऊक आहे. आणि आमच्याकडे ट्रेनी घेताना एचआरने अर्जांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला होता, त्यात आळशी एकही नव्हता!

तुझी खरी गोष्ट खाली एका ओळीत दबली आहे: ‘रबाळे एमआयडीसीत सहा आठवडे एनर्जी ऑडिटची इंटर्नशिप यशस्वीरीत्या पूर्ण केली.’ अगं, एवढंच? त्या रविवारी कारखाना बंद होता, हवा वापरणारं एकही मशीन चालू नव्हतं आणि तू कॉम्प्रेसरजवळ स्टॉपवॉच घेऊन उभी होतीस. तरी तो सरासरी 90 सेकंद लोडवर हवा भरत होता आणि 210 सेकंद अनलोडवर नुसता फिरत होता. 300 पैकी 90, म्हणजे क्षमतेच्या 30 टक्के हवा नुसती गळत होती. मग साबणाचं पाणी घेऊन तू होज, कपलिंग, ड्रेन व्हॉल्व्ह शोधत फिरलीस. दुरुस्तीनंतरच्या रविवारी 36 आणि 264 आले, गळती 12 टक्क्यांवर. जाहिरात युटिलिटी मेंटेनन्सची आहे, तेव्हा हेच पहिल्या परिच्छेदात घे. काय मोजलं, कसं मोजलं, किती फरक पडला, एवढं चार वाक्यांत बसतं. इंग्रजी तुझं तू कर, माझं कारखान्यातलं आहे.

पण ‘18 टक्के वीज वाचवली’ असं लिहिण्याचा मोह आवर. आपण वीज मोजलीच नव्हती, आणि अनलोडवरही कॉम्प्रेसर वीज खातोच. माझ्यासारखा कोणी समोर बसला तर पहिला प्रश्न तोच विचारेल. गळती 30 वरून 12 वर आली, इतकंच लिही. कपलिंग बदलले फिटरने, हेही लपवू नकोस. शोधणं आणि मोजणं तुझं होतं.

फायनल इयरच्या प्रोजेक्टचंही तसंच. चौघांचं काम ‘आम्ही, आम्ही’ करत लिहिलंयस. सेन्सरचं कॅलिब्रेशन तू एकटीने केलंस ना? मग ‘मी’ लिही, बाकीचं एका वाक्यात उरक. उद्या डिझाइनच्या जागेला अर्ज केलास तर मात्र प्रोजेक्ट वर आणि कॉम्प्रेसर खाली.

सगळं अर्ध्या पानात बसव. मार्कशीटमधले विषय रेझ्युमेत आहेत, ते इथे परत नकोत.

स्टॉपवॉचचे आकडे मी आठवणीतून लिहिलेत. तुझी ती निळी वही माझ्या कपाटात, विजेच्या बिलांखाली आहे. पाठवण्याआधी ताडून बघ.

तुझे,
बाबा