गोळ्या कुठल्या, हे कोण विचारणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत हातांच्या थरथरीवर आपण जो लेख छापलात, तो वाचून डोकं तापलं. ‘वय झालं की हात थरथरायचेच, चालणं मंदावायचंच, मनाला लावून घेऊ नका, प्राणायाम करा, बदाम खा.’ बदामांचं राहू द्या, आमच्याकडे काजू होतात. पण एवढ्या लांबलचक लेखात ‘आजोबा, गोळ्या कुठल्या घेता?’ हा एक प्रश्न कुठेच कसा नाही?

माझे थोरले बंधू अण्णा, वय बहात्तर. पोफळीच्या वाडीत जन्म गेलेला माणूस. अडकित्ता हातात आला की गप्पा मारता मारता कागदासारखी सुपारी कातरायचे. गणपतीत मोदक जरा जास्त झाले, करपट ढेकर सुरू झाले, म्हणून एका डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी घ्यायची कॅप्सूल दिली. ढेकर आठवड्यात थांबले. कॅप्सूल मात्र चालूच राहिली, कारण औषधवाला जुन्याच चिठ्ठीवर देत होता आणि कुणी थांबवा म्हटलं नाही. शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा अण्णांना खुर्चीतून उठवेना. पावलं घासत, तोकडी तोकडी. अडकित्ता अर्ध्यावर अडायचा, दोन्ही हात मांडीवर ठेवले तरी थरथरायचे. चेहरा असा निर्विकार की वहिनी विचारायची, ‘माझ्यावर रुसलात का?’ सगळ्यांचं एकच उत्तर, वय झालं.

मग कुणीतरी कंपवात ठरवला आणि लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या. फरक शून्य, वर मळमळ. मळमळीवर आणखी एक गोळी, मेटोक्लोप्रमाइड. अण्णा आणखीच जखडले.

शेवटी चिपळूणला महिन्यातून एकदा येणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी तर्जनी अंगठ्यावर भराभर आपटायला लावली. दोन्ही हातांची हालचाल सारखीच मंद आणि हळूहळू लहान होत गेलेली. मग म्हणाले, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर ओता. त्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड निघालं, 75 मिलिग्रॅम. ते पोटाला गती देतं, पण मेंदूतल्या डोपामाइनची, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाची, वाटही अडवतं. मेटोक्लोप्रमाइडचंही तेच. म्हणजे एका गोळीने वाट बंद करायची आणि लेव्होडोपा देऊन त्याच वाटेने डोपामाइन ढकलायचं! चक्करेवर सर्रास चालणाऱ्या सिनॅरिझिन, फ्लुनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन या गोळ्यांनीही असं होऊ शकतं, असं त्यांनी बजावलं.

खरा कंपवात बहुधा एका बाजूने सुरू होतो आणि वर्षानुवर्षं सावकाश वाढतो. औषधाचा कंप बऱ्याचदा दोन्हीकडे, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत येतो. पण यावरून घरी निदान करू नये, असंही ते म्हणाले. आमच्या आत्याचा हात मांडीवर स्वस्थ असतो आणि चहाची बशी उचलली की थरथरतो, तिच्या वडिलांचाही तसाच थरथरायचा. तो आनुवंशिक कंप, त्याचा यांच्याशी संबंध नाही. आपल्या लेखात हे तिन्ही प्रकार एकाच रांगेत उभे आहेत.

डॉक्टरांनी ती कॅप्सूल आणि मळमळीची गोळी बंद केली, लेव्होडोपाही त्यांच्याच सांगण्याप्रमाणे हळूहळू उतरवला. आठवड्याभरात जादू झाली नाही. पाऊस सुरू झाला तेव्हा अण्णा स्वतः सदऱ्याची बटणं लावू लागले, श्रावणात अडकित्ता हाती आला. डाव्या हातात किंचित थरथर अजून आहे. काहींच्या बाबतीत मुळात दबून असलेला कंपवात औषधाने फक्त उघडा पडतो, म्हणून ते पुन्हा तपासणार आहेत. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही असा कंप येतो, पण त्या कुणी आपल्या मनाने बंद करू नयेत, हे तरी कृपया छापा.

आणि त्या पाकिटावरची अक्षरं! घटकद्रव्यं मुंगीच्या पायाएवढ्या टाइपात, तीही चकचकीत चंदेरी कागदावर. भाच्याने मोबाइलवर फोटो काढून मोठा केला तेव्हा कुठे वाचता आली. पुढच्या लेखात बदामांऐवजी औषधांची नावं द्या, आणि ती ठळक टाइपात.

आपला,
एक वाचक, गुहागर

ता. क. गेल्या रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं छापायची राहिली आहेत. अण्णा रोज विचारतात.