अडुसष्ट म्हणजे किती

नागपूर, 18 मे

चि. मैथिली,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास आणि मी गच्चीवर कूलरच्या टाकीत पाणी सोडायला गेलो. नळ तसाच राहिला, टाकी वाहून खाली शिंदेकाकूंच्या पापडांवर पाणी गेलं. त्यांनी काय म्हटलं ते आईला विचार. मी तुझ्या त्या अडुसष्टचाच विचार करत होतो.

तू हसत सांगितलंस, पण हसताना तुझा आवाज बारीक होतो हे मला तू पहिलीत असल्यापासून माहीत आहे. तिथे जर्मनीत वॉर्डात पाळी बदलताना त्या सीनियर सिस्टरने हृदयाच्या पेशंटचं सकाळचं वजन सांगितलं, आख्ट-उंट-झेश्त्सिश, आणि तू तक्त्यात 86 लिहिलंस. एका रात्रीत माणूस अठरा किलोने फुगला म्हणून ती सगळ्यांसमोर काहीतरी बोलली, सगळे हसले. चूक तिथेच दुरुस्त झाली, पेशंटला काही झालं नाही. इथपर्यंत ठीक आहे. मला झोंबलं ते तुझं पुढचं वाक्य, की आता तू सगळं इंग्रजीतच विचारतेस, आणि जे विचारायला लाज वाटते तिथे नुसतं 'या, या' म्हणून मान हलवतेस. बेटा, मान हलवू नकोस. एवढंच सांगायचं होतं, पुन्हा सांगणार नाही.

आधी आकड्याचं बोलू. तू इथे सोडून गेलेली जर्मनच्या पहिल्या लेव्हलची वही आणि पुस्तक मी महिनाभर उघडून बसतो आहे. आई म्हणते सत्तराव्या वर्षी कोणतं थेर सुचून राहिलं. पण त्या वहीत मला तुझ्या चुकीचं मूळ सापडलं. जर्मन माणूस आधी एकक सांगतो, मग दशक: आठ आणि साठ. तू कानावर पडलं तसं डावीकडून उजवीकडे लिहिलंस, आधी 8, मग 6. कान बरोबर होता, हात चुकला. आणि हात चुकला कारण तो इंग्रजीत मोजायला शिकला, सिक्स्टी-एट. आपलं अडुसष्ट बघ. आधी अड, मग सष्ट. पंचेचाळीस, त्रेसष्ट, शहाऐंशी, सगळीकडे एकक पुढे. म्हणजे जे तुला तिथे उलटं वाटतं ते तुझ्या आजीच्या तोंडी सरळ होतं.

तुला आठवतं का, किराणा दुकानात काका म्हणायचे 'अडुसष्ट रुपये झाले' आणि तू माझा शर्ट ओढून विचारायचीस, बाबा, अडुसष्ट म्हणजे किती? मी ऐटीत सांगायचो, सिक्स्टी-एट. दुकानातली माणसं ऐकत आहेत ना, ते बघून सांगायचो. इंग्रजी शाळेचा हट्ट माझा होता, आईचा नव्हता. आता त्याचं काय.

तर आकडा ऐकलास की दोन घरं मनात धर. पहिला ऐकलेला अंक उजव्या घरात लिही, डावं घर रिकामं ठेव, दुसरा ऐकलास की डावीकडे भर. नाहीतर सरळ मराठीत ऐक: आख्ट-उंट-झेश्त्सिश, अडुसष्ट, आणि मग लिही. फक्त नवाच्या घरात आपली मराठी दगा देते. त्यांचं एकोणतीस म्हणजे नऊ आणि वीस, आपलं म्हणजे तीसला एक कमी. तिथे मराठीवर जाऊ नकोस, दोन घरंच बरी. आणि लिहून झालं की एकेक अंक सुटा करून उलट वाचून दाखव, सहा, आठ. तुझ्याच वहीच्या समासात आहे की फोनवर ते दोनला 'त्स्वाय' न म्हणता 'त्स्वो' म्हणतात, कारण त्स्वाय आणि द्राय कानाला सारखे लागतात. म्हणजे ज्यांची ती मायबोली आहे त्यांनाही आकडा चुकायची भीती आहेच ना? मग तू परत विचारलंस तर कोणाचं काय जातं?

ती खोलीची गोष्टही मी आईला सांगितली. घरमालकाने हाल्ब द्राय सांगितलं, तू साडेतीनला पोचलीस आणि खोली दुसऱ्याला गेली. आई दोन मिनिटं गप्प राहिली आणि मग वर्गात फळ्याशी उभी असल्यासारखी म्हणाली, यात चुकण्यासारखं काय आहे, अडीचच तर आहे. संस्कृतात अर्धतृतीय. दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. त्याचंच घासून घासून अडीच झालं. जर्मन माणूसही तेच म्हणतो, अर्धा तिसरा. तीस वर्षं संस्कृत शिकवलं त्याचा घरात पहिल्यांदा उपयोग झाला, असं मी म्हणालो. त्या रात्री पोळ्या जाड होत्या.

आता वरंगळबद्दल. तुला वाटतं बाबा तिथे चार वर्षं मजेत राहिले, कारण मी तशाच गोष्टी सांगत आलो. 1991 साली बँकेने बदली केली तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो, दादा कडेवर. शाखेत काऊंटरवर बसायचो आणि समोर सगळे तेलुगू. पहिलं वाक्य शिकलो 'नाकु तेलुगु रादु'. शब्दाला शब्द ठेव, मला तेलुगू येत नाही. तिथेही भाषा आपल्यासारखीच 'येते', तिच्यासाठीही 'मला'च लागतं. मला वाटलं, ही तर घरचीच निघाली. त्याच ऐटीत पंधरा दिवस गेले.

मग आदराचं आलं. तुझ्या जर्मनमध्ये 'दू' आणि 'झी' आहे तसं तिथे 'नुव्वु' आणि 'मीरु'. क्रियापदालाही आदर लागतो. 'चेप्पु' म्हणजे सांग, 'चेप्पंडि' म्हणजे सांगा. 'रा' म्हणजे ये. आता 'या' म्हणायचं तर 'रा'ला तेच शेपूट जोडायचं, आणि जोडल्यावर काय शब्द होतो तो तू मनातल्या मनात जुळव, मी पत्रात लिहिणार नाही. आपल्या कानाला ती शिवी आहे. भरल्या बँकेत, बायाबापड्यांसमोर, तो शब्द माझ्या तोंडून निघेना. म्हणून मी सगळ्यांना नुसतं 'रा' म्हणत राहिलो. एक दिवस एक म्हातारे शेतकरी आले, पांढरं धोतर, खांद्यावर पंचा. मी हसून म्हणालो, रा. ते जागीच थांबले. माझ्याकडे न बघता वळून कॅशियरच्या खिडकीत गेले. नंतर कॅशियरने मला बाजूला घेऊन सांगितलं, तू त्यांना पोराला हाक मारतात तशी मारलीस. मी लाजेपायी बरोबर शब्द गिळला आणि त्या गिळण्यानेच उद्धट ठरलो. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून म्हटला एकदाचा. कोणाची पापणी हलली नाही. त्यांना तो नुसता 'या' होता.

ही गोष्ट मी लग्नाकार्यात सांगून लोकांना हसवली आहे. दुसरी कोणाला सांगितली नाही, आईलाही नाही.

त्याच वर्षी एक बाई पाच हजार रुपये घेऊन आल्या. पदराच्या गाठीतून काढून एकेक नोट मोजून दिली. बराच वेळ बोलत होत्या. मला 'पैसे' कळलं, 'मुलगी' कळलं, बाकी वाहून गेलं. मी 'सरे, सरे' म्हणत मान हलवत राहिलो. सरे म्हणजे बरं, ठीक. मागे रांग होती, आणि तिसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटली. पैसे त्यांच्या बचत खात्यात जमा केले. वर्षाने त्या मुलीच्या लग्नासाठी आल्या आणि मुदत ठेवीचं व्याज मागायला लागल्या. त्या दिवशी त्या तेच सांगत होत्या, की एक वर्ष बांधून ठेवा, मुलाला हात लावू देऊ नका. व्याजात सुमारे तीनशे रुपयांचा फरक होता. तो मी खिशातून भरला, त्यांना कळू दिलं नाही. त्या मला आशीर्वाद देऊन गेल्या. मैथिली, तो आशीर्वाद मला अजून टोचतो. मधल्या काळात मुलाने पैसे काढले असते तर मी काय भरलं असतं?

आणि ती बँक होती. तुझ्याकडे सलाईनची बाटली आहे. म्हणून म्हणतो, कळलं नसेल तर मान... बघ, पुन्हा तेच आलं. सांगणार नाही म्हटलं होतं. पण मान हलवली की समोरच्याला वाटतं पोचलं, तो पुढे निघून जातो, आणि मग मागे फिरून विचारायची लाज पहिल्या लाजेहून दुप्पट होते. 'नोख आइनमाल, बिटे', पुन्हा एकदा, प्लीज. हे मी तुझ्याच वहीतून पाठ केलं आहे, तर तुला येतंच. हसतील. आई लग्न होऊन पुण्याहून आली तेव्हा बर्डीच्या बाजारात भाजीवाल्याने विचारलं सांबार देऊ का, तर ती म्हणाली नको, घरी इडली नाही केली. कोथिंबिरीला इथे सांबार म्हणतात हे तिला कुठून माहीत असणार. सासरचे आठ दिवस हसले. नंतर पाच-सहा वर्षं ती भाजीला जाताना मला बरोबर न्यायची, ते प्रेम होतं असं मी समजत होतो.

मी फार बोललो. तुझ्या रात्रपाळ्या, तिथली थंडी, परक्या माणसांचं अंग पुसणं, हे सगळं तू करतेस, आणि मी इथे पंख्याखाली बसून व्याकरण सांगतो आहे. माफ कर. पुण्याला मॅक्स म्युलर भवनात जर्मनची बी-टू परीक्षा द्यायला गेलीस तेव्हा स्टेशनवर मी तुला काही बोललो नव्हतो. घरी येऊन मात्र दूधवाल्यापासून सगळ्यांना सांगितलं होतं.

रविवारी फोन कर. आईने साखर तपासली आहे. मैथिलीला कळवू नका, उगाच काळजी करेल, असं बजावलंय तिने, म्हणून मराठीत लिहीत नाही. उपाशीपोटीची ठीक आहे. जेवणानंतरची हुंडर्ट-द्राय-उंट-झीप्त्सिश. लिहून घे, आणि फोनवर मला एकेक अंक वाचून दाखव.

तुझा
बाबा